सांगितलेले तास आणि झालेले तास: पडताळणी कशी करायची?

प्रश्न: प्रबंधासाठी १५० विद्यार्थ्यांना प्रश्नावलीतून विचारलं, "रोज सरासरी किती तास अभ्यास करता?" गाइड म्हणतात, आकडे फुगवलेले असणार, डायरी किंवा फोनच्या नोंदींवरून पडताळून घ्या. नेमकं कसं करायचं?

उत्तर:

गाइडचं बरोबर आहे, पण "फुगवलेले" म्हणजे मुलं खोटं बोलतात असं धरून चालू नका. "रोज सरासरी" विचारलं की कुणीही मनात सात दिवसांची बेरीज करून भागाकार करत नाही. डोळ्यांसमोर एखादा चांगला दिवस येतो, नाहीतर ठरवलेलं वेळापत्रक येतं, आणि तो आकडा लिहिला जातो. तुमच्या १५० उत्तरांची वारंवारता काढून बघा. २, ४, ५, ६, ८ यांच्यावर गठ्ठे दिसतील आणि ३.५ किंवा ७ लिहिणारे मोजकेच असतील. तसं दिसलं तर हे आकडे अंदाजाने आलेत हे कुठलीही डायरी न भरता कळतं.

सगळ्या १५० जणांकडून डायरी भरून घेण्याच्या फंदात पडू नका. चाळीसएक जण पुरतात, पण ते "कोण तयार आहे?" असं विचारून घ्यायचे नाहीत. हौसेने पुढे येणारी मुलं बहुधा नीटनेटकी असतात, आणि त्यांचा फरक कमी निघतो. सांगितलेल्या तासांनुसार कमी, मध्यम, जास्त असे तीन गट करा आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या काढा. जास्त तास सांगणारे पुरेसे असायलाच हवेत. का, ते पुढे येईल.

डायरी फक्त अभ्यासाची नको, चोवीस तासांची हवी. युरोपातल्या वेळ-वापर सर्वेक्षणांत दहा-दहा मिनिटांचे रकाने असतात. विद्यार्थ्यांसाठी पंधरा मिनिटांचे ठेवले तरी चालतं. नुसते "आज अभ्यास किती?" असं विचारलं तर पाच लिहायला काहीच लागत नाही. पण झोप, प्रवास, वर्ग, जेवण, गप्पा हे सगळं लिहून झाल्यावर दिवसात तीनच तास उरत असतील, तर पाच बसवायला जागाच राहत नाही. शिवाय तुमचा रोख अभ्यासावर आहे हे मुलांना जाणवत नाही. "दिवस कसा जातो याची नोंद" एवढंच सांगा. सलग सात दिवस घ्या, म्हणजे सुटीचे दिवसही येतील. पहिला दिवस हिशेबातून वगळायची माझी सवय आहे, कारण नव्या डायरीच्या धाकाने त्या दिवशी अभ्यास जरा जास्तच होतो. तो वगळायचा असेल तर आठ दिवस भरून घ्या, म्हणजे आठवडा पूर्ण राहील.

डायरीचा खरा शत्रू मात्र वेगळा आहे: ती आठवडाभर कोरी ठेवून जमा करायच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरणं. यावर २००२ साली 'बीएमजे'त एक फार छान प्रयोग छापून आला होता. दीर्घकाळ दुखणं असलेल्या रुग्णांना कागदी डायरी दिली आणि तिच्या फोल्डरमध्ये प्रकाश टिपणारा सेन्सर लपवला, म्हणजे डायरी कधी उघडली ते कळेल. कागदावरच्या वेळा पाहता ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या होत्या. सेन्सरच्या हिशेबाने खरोखर वेळेवर झालेल्या नोंदी ११ टक्के निघाल्या.

तुम्हाला सेन्सर नको. रोज रात्री त्या दिवसाच्या पानाचा फोटो मागवा. तो कधी आला हे आपोआप नोंदलं जातं. चोवीस तासांत फोटो आला नाही तर तो दिवस गाळलेला धरा, मागाहून भरून घेऊ नका. एका बैठकीत भरलेली डायरी ओळखूही येते: सगळ्या वेळा ७:०० आणि ७:३० अशाच, सातही दिवस जवळपास सारखे, आणि अभ्यासाच्या मोठ्या तुकड्यात पाणी प्यायलाही कुणी उठलेलं नाही.

आता फोनच्या नोंदी. इथे लोक एक चूक हमखास करतात, ती म्हणजे नोंद म्हणजे सत्य असं मानणं. फोनला स्क्रीन चालू होती आणि अमुक ॲप पुढे होतं एवढंच माहीत असतं. पुस्तक उघडून केलेला अभ्यास त्याला दिसत नाही. व्हिडिओ लावून माणूस दुसऱ्या खोलीत गेला तरी वेळ मोजला जातो. आयफोनवर 'Share Across Devices' चालू असेल तर टॅबलेटचे तासही त्याच बेरजेत येतात. कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीतल्या नोंदी तर फक्त क्लिकच्या असतात. दोन क्लिकमध्ये चाळीस मिनिटं गेली तर तो अभ्यास होता की जेवण, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. साधारणपणे तीस मिनिटांपेक्षा मोठा खंड पडला की सत्र संपलं असं धरतात, पण मग तोच हिशेब दहा मिनिटांची मर्यादा लावूनही करून बघा. निष्कर्ष बदलत असेल तर तो नोंदींतून आलेला नाही, तुमच्या मर्यादेतून आलेला आहे.

म्हणून अभ्यासाच्या बाबतीत मी फोनची नोंद उलट बाजूने वापरतो. अभ्यास किती झाला हे डायरीवरून घ्यायचं आणि त्या वेळात फोन किती चालू होता ते नोंदीवरून वजा करायचं. एक उदाहरण घ्या. डायरीत संध्याकाळी ७ ते १० "संख्याशास्त्र" लिहिलंय. फोनच्या तासवार पट्ट्यांत ७ ते ८ मध्ये मेसेजिंग १४ मिनिटं, ८ ते ९ मध्ये व्हिडिओ ३५ मिनिटं, ९ ते १० मध्ये समाजमाध्यमं ९ मिनिटं. एकूण ५८. दुसऱ्या दिवशी विचारलं तर कळलं, व्हिडिओतली २० मिनिटं त्याच विषयाचं व्याख्यान होतं. मग ३८ मिनिटं वजा होतात आणि अभ्यास उरतो २ तास २२ मिनिटं. मी दोन्ही आकडे ठेवतो, ३ तास ही वरची मर्यादा आणि २ तास २२ मिनिटं ही खालची. फोन ठेवल्यावर पुन्हा लक्ष लागायला वेळ जातो म्हणून आणखी काही वजा करायचा मोह होतो. तो टाळा, कारण त्याला मोजमापाचा आधार नसतो.

स्क्रीनशॉट रोज सकाळी कालच्या दिवसाचा घ्यायला सांगा. आजचा घेतला तर दिवस अर्धवट असतो, आणि अँड्रॉइडवर बारीक तपशील थोडेच दिवस टिकतो. ॲपची नावं दिसायला नको असतील तर मुलांनी ती झाकावीत, तुम्हाला फक्त प्रकार आणि मिनिटं हवीत.

डायरी जमली की बहुतेक जण सहसंबंध काढतात आणि खूश होतात. तिथे थांबू नका. समजा, आठ जणांचे आकडे असे आहेत. सांगितलेले रोजचे तास ६, ५, २, ४, ८, ३, ६, २ आणि त्याच क्रमाने डायरीतली सरासरी ३.५, ३, २, ३, ४.५, २.५, ४, १.५. सहसंबंध येतो ०.९७, म्हणजे बघायला झकास. पण सांगितलेली सरासरी ४.५ तास आहे आणि डायरीतली ३. मुलांचा क्रम बरोबर लागला तरी तास दीडपट असू शकतात, आणि सहसंबंधाला ते दिसतच नाही.

त्यामुळे प्रत्येकाचा फरक काढा: सांगितलेले वजा डायरीतले. इथे सरासरी फरक १.५ तास आणि प्रमाण विचलन साधारण १.२ आहे. सरासरीच्या दोन्ही बाजूंना १.९६ पट विचलन घेतलं की उणे ०.८ ते अधिक ३.८ अशी पट्टी मिळते. ही ब्लंड आणि ऑल्टमन यांची १९८६ सालची पद्धत. एखाद्याने सांगितलेल्या आकड्यात किती घोळ असू शकतो ते ही पट्टी सांगते, आणि इथे ती बरीच रुंद आहे. (आठ जणांवर ती ठरवायची नसते, हे फक्त हिशेब दाखवायला.)

मग फरकाचा आलेख काढा. आडव्या अक्षावर दोन्ही आकड्यांची सरासरी, उभ्या अक्षावर फरक. आपल्या उदाहरणात ठिपके वर चढत जातात. २ तास सांगणाऱ्यांचा फरक शून्य आणि अर्धा आहे, ८ सांगणाऱ्याचा साडेतीन. जास्त तास सांगणारे नमुन्यात हवेत असं म्हटलं ते यासाठी. इथे सगळ्यांतून सरसकट दीड तास कापला तर २ सांगणाऱ्याच्या वाट्याला अर्धा तास येईल, आणि तो साफ चूक ठरेल. त्याऐवजी सांगितलेल्या तासांवरून डायरीचे तास काढणारी रेषा बसवा. B रकान्यात सांगितलेले, C मध्ये डायरीतले, D मध्ये फरक असेल तर:

```
=AVERAGE(D2:D9)
=STDEV.S(D2:D9)
=SLOPE(C2:C9,B2:B9)
=INTERCEPT(C2:C9,B2:B9)
```

उतार ०.४५ आणि छेद ०.९६ येतो. ६ तास सांगणाऱ्याचा अंदाज ३.७ निघतो आणि २ सांगणाऱ्याचा १.९. हीच रेषा उरलेल्या ११० जणांना लावता येते. मात्र ती नमुन्यातल्या टोकांच्या आतच वापरायची. कुणी १२ तास लिहिले असतील तर त्याच्याबद्दल या रेषेला काही म्हणायचं नसतं.

प्रश्नावली परीक्षेच्या तोंडावर भरून घेतली आणि डायरी साध्या महिन्यात, असं असेल तर मधला फरक खराच असू शकतो. म्हणून डायरीच्या आठवड्याच्या सुरुवातीला तोच प्रश्न पुन्हा विचारा आणि शेवटी "गेल्या सात दिवसांत एकूण किती?" हेही विचारा. या शेवटच्या उत्तरात आणि डायरीत थोडाच फरक निघाला, पण "रोज सरासरी"त मोठा, तर दोष आठवणीचा कमी आणि प्रश्नाच्या शब्दांचा जास्त.

पुढे स्क्रीन टाइमवर काम करणार असाल तर एक लक्षात ठेवा. तिथे सगळे एकाच दिशेने चुकत नाहीत, कुणी जास्त सांगतात, कुणी कमी. २०२१ साली 'नेचर ह्यूमन बिहेव्हियर'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात सांगितलेल्या आणि नोंदलेल्या वापरातला सहसंबंध जेमतेम ०.३८ निघाला होता. तिथे सरासरी फरक शून्याजवळ आला तरी हुरळून जाऊ नका, पट्टी बघा.

आणि जे डायरी अर्ध्यात सोडतील त्यांची नावं यादीतून पुसू नका. त्यांनी प्रश्नावलीत किती तास सांगितले होते ते पूर्ण करणाऱ्यांशी ताडून पाहा. सोडून जाणारे बहुतांशी ७-८ तास सांगणारे निघाले, तर तुम्हाला मिळालेला फरक बहुधा खऱ्यापेक्षा कमी आहे, आणि प्रबंधात तसं लिहावं लागेल.