हप्ता भरतोय, पण कर्ज फिटणार कधी?

"दर महिन्याला हप्ता भरतो, तरी बाकी हलत नाही. अजून किती महिने, हे काढायला गेलो तर कॅल्क्युलेटर एरर दाखवतो."

ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी धीर देत बसत नाही, कागद पुढे सरकवते. हे गृहस्थ सूत्र बरोबर घेऊन आले होते:

`n = log(E ÷ (E − P×r)) ÷ log(1 + r)`

n म्हणजे किती हप्ते लागतील, P म्हणजे मुद्दल, ५,००,०००. E म्हणजे हप्ता, ६,०००. व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणून r च्या जागी त्यांनी ०.१२ घातले होते.

"मग पहिल्या महिन्याचं व्याज किती झालं?" मी विचारलं.

"साठ हजार." ते थांबले. "हप्ता तर सहाच हजार आहे!"

कंसात उणे संख्या आली होती आणि उणे संख्येचा लॉग निघत नाही. व्याज हप्त्याहून मोठं असेल तर कर्ज फिटायचंच नाही, एररचा अर्थ एवढाच. हप्ता महिन्याचा, तर दरही महिन्याचा हवा: ०.०१. आता पहिलं व्याज ५,००० आणि मुद्दलाकडे जाणारे १,०००.

"पण लॉग कशाला लागतो?"

या प्रश्नाची मी वाटच पाहत असते. मुद्दलाकडे जाणारा वाटा दर महिन्याला १.०१ पटीने वाढतो: १,०००, मग १,०१०, मग १,०२०.१०. हा वाटा वाढत वाढत पूर्ण हप्त्याएवढा, ६,००० झाला की व्याजाला जागाच उरत नाही, कर्ज संपतं. म्हणजे प्रश्न इतकाच की १.०१ ने किती वेळा गुणलं की सहापट होईल? लॉग तेच मोजतो. हे मी पुस्तकात पाहून सांगत नाही, कागदावर मांडून दाखवते, आणि इथे बहुतेकांचा चेहरा बदलतो.

लॉग ६ म्हणजे ०.७७८१५, लॉग १.०१ म्हणजे ०.००४३२१. भागाकार १८०.०७. म्हणजे १८० पूर्ण हप्ते आणि शेवटी सुमारे ४२४ चा एक छोटा. खालचा लॉग ०.००४ असा तोडला तर उत्तर १९४ च्या पुढे जातं, म्हणून त्यातले दशांश जपायचे. लॉग दहाच्या पायावरचा की नैसर्गिक, याने फरक पडत नाही. वर-खाली एकच हवा.

मग त्यांनीच विचारलं, "हप्ता पाचशेने वाढवला तर?" वाटा १,५०० होतो, उत्तर १४७.४. सगळे मिळून १८१ चे १४८ हप्ते झाले. आणखी पाचशे वाढवले तर १२६. पहिल्या पाचशेने तेहतीस वाचले, दुसऱ्याने बावीसच. हप्ता व्याजाच्या जितका जवळ, तितकी छोटी वाढ मोठं काम करते.

दर मध्येच बदलला तर हे उत्तर तिथून पुढे लागू नाही. त्या दिवशीची बाकी P म्हणून घ्यायची, नवा r घालायचा आणि उरलेले महिने पुन्हा काढायचे.