सेंड दाबताना हात थांबतो

“मॅडम, क्लायंटला साधा चार ओळींचा मेल लिहायला मला दीड तास लागतो. तरी फाइल जोडायची राहतेच. पाठवल्यावर पोटात गोळा येतो.”

नौपाड्यातल्या माझ्या खोलीत हे वाक्य इंटर्न मुलामुलींकडून मी वारंवार ऐकते. ही मुलगी वाशीच्या एका इंटीरियर डिझाइन ऑफिसात तीन महिन्यांपासून होती. मी तिला तिचा खरा मेल मोबाइलवर उघडायला सांगितला. सब्जेक्टमध्ये ‘ड्रॉइंग’ एवढंच. खाली उशिराबद्दल माफी, मग कारणं, पुन्हा माफी.

“हा वाचून क्लायंटने काय करायचं?”

“किचनचं ड्रॉइंग बघून होकार द्यायचा.”

“कधीपर्यंत?”

“बुधवारपर्यंत. नाहीतर सुतार थांबेल.”

“हे मेलमध्ये कुठे आहे?”

तिने बोटाने स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली. शेवटच्या ओळीत ‘कृपया बघून घ्या’ होतं. बुधवार कुठेच नव्हता. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “यात सगळं माझ्याबद्दलच लिहिलंय.”

ही तिची तिला सापडलेली गोष्ट होती. आमची बाकीची सत्रं याच वाक्यावर उभी राहिली. आपल्याला कोणी चुकार समजू नये, या धास्तीने लिहिलेला मेल बचावाचं निवेदन होतो, आणि वाचणाऱ्याचं काम त्यात बुडून जातं. म्हणून मी भीती घालवण्यामागे लागत नाही, आधी हातांचा क्रम बदलते. हे मी वर्षानुवर्षं करत आले आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे.

तिचा नवा सब्जेक्ट तिथेच तयार झाला: ‘वाशी फ्लॅट: किचनचं सुधारित ड्रॉइंग, बुधवारपर्यंत होकार हवा’. कोणतं काम, काय पाठवलंय, काय हवंय. मजकुराची पहिली ओळही तीच मागणी. उशिराबद्दल एक वाक्य पुरे.

मग क्रम. आधी फाइल जोडायची आणि जोडलेलीच उघडून बघायची, कारण जुनी आवृत्ती जाणं हे फाइल राहण्यापेक्षा महागात पडतं. तिची फाइल ‘final_new2.pdf’ होती, ती ‘Vashi_Kitchen_R2.pdf’ झाली. त्यानंतर मजकूर, मग सब्जेक्ट, आणि क्लायंटचा पत्ता अगदी शेवटी. पत्ताच नसेल तर अर्धवट मेल जाणार कसा? रिप्लाय करताना पत्ता आपोआप येतो, तो काढून ठेवायचा. जीमेलचं Undo Send ३० सेकंदांवर ठेवलं, तेवढ्यात पाठवलेला मेल परत घेता येतो. फाइल २५ एमबीपेक्षा मोठी असली तर जीमेल ड्राइव्हची लिंक देतं. ती क्लायंटला उघडता येते का, हे लॉगिन नसलेल्या खिडकीत तपासायचं. उघडणं फक्त त्याच्याच पत्त्यापुरतं ठेवलं असेल, तर शेअरच्या यादीत तो पत्ता आहे ना, हे बघायचं.

शेवटच्या भेटीत ती म्हणाली, “परवा रिप्लायमध्ये पत्ता काढायला विसरले. फाइल पुन्हा राहिली.”

“मग?”

“त्याच मेलवर लिहिलं: मघाशी ड्रॉइंग जोडायचं राहिलं, आता जोडलं आहे. बाकी काही नाही.”

“उत्तर?”

“मिळालं, उद्या कळवतो.”