बापाचे पिवळे डोळे आणि तीन दिवसांचं बाळ

"मॅडम, नवरात्राचा उपास धरला की माझे डोळे पिवळे होतात. आता बाळही पिवळं झालंय. माझीच कावीळ त्याला लागली का?"

लागली नाही. तुमची कावीळ संसर्गाची नाही आणि बाळाची तर नाहीच नाही. पण नुसतं 'नाही' म्हटल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण प्रसूती विभागात तो सारखा कानावर येतो आणि विचारणारा बाप बहुतेक वेळा बाळापासून चार हात लांब उभा असतो. त्यातल्याच एका कुटुंबाची ही हकिकत, ओळख पटू नये इतपत बदलून.

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला. वय एकतीस. "हळदीत राबतोस, म्हणून पिवळा दिसतोस," असं सगळे म्हणायचे. हळदीची धूळ हातांना, कपड्यांना लागते, पण डोळ्यांचा पांढरा भाग तिने पिवळा होत नाही. घरच्यांनी त्यांना दोनदा काविळीचं झाडपाल्याचं औषध दिलं होतं, एकदा गळ्यात माळही घातली होती. दर वेळी आठवडाभरात उतार पडला, त्यामुळे औषधावरचा विश्वास वाढत गेला आणि 'आपल्या रक्तातच कावीळ आहे' ही समजूतही पक्की झाली.

मी त्यांना घरातले सगळे जुने रिपोर्ट आणायला सांगितलं. ते टेबलावर तारखेप्रमाणे त्यांनाच लावायला दिले आणि प्रत्येकावर पेन्सिलीने लिहायला सांगितलं, की त्याआधीचे दोन-तीन दिवस काय खाल्लं होतं. माझा अनुभव असा, की समोरच्याने स्वतःच्या कागदातून काढलेलं उत्तर त्याच्याजवळ टिकतं, मी दिलेलं टिकत नाही.

नवरात्राची सातवी माळ, नुसतं दूध आणि केळी: एकूण बिलिरुबिन, म्हणजे कावीळ दाखवणारं रक्तातलं पिवळं द्रव्य, ३.४. तापाने अंथरुणावर, तीन दिवस पेजेवर: २.९. विम्याची तपासणी, रोजचं जेवण चालू: १.६. तिन्ही वेळा त्यातला डायरेक्ट भाग, म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेला, ०.४ च्या आत, यकृताला इजा झाली की वाढणारं एसजीपीटी तिशीच्या खाली, हिमोग्लोबिन चांगलं, लघवीत पित्त नाही.

ते बराच वेळ कागदांकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे पोट रिकामं राहिलं की वाढतंय, आणि जेवायला लागलो की उतरतंय. औषध घेतलं काय, न घेतलं काय."

तिथेच सगळं उलगडलं. झाडपाल्याला श्रेय मिळालं ते उपास सुटून जेवण सुरू झाल्याचं. उलट कावीळ म्हणून घरी जे कडक पथ्य पाळलं जायचं, तेल बंद, वरण बंद, नुसता भात, त्याने पोटात आणखी कमी जायचं आणि पिवळेपणा लांबायचा.

याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. पॅरिसच्या ऑगस्टीन गिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये त्याचं वर्णन केलं. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं, आणि यकृतातलं एक विकर त्याला पाण्यात विरघळणारं रूप देतं, मगच ते बाहेर पडतं. गिल्बर्टमध्ये या विकराचं काम साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकंच चालतं. यार्डात पोत्यांची आवक रोजचीच, पण तोलाईचा एकच काटा चालू, तशी गत. यकृत खराब नसतं. बिलिरुबिन बहुतेक वेळा ३ मिलिग्रॅमच्या आत राहतं. उपास, ताप, पाणी कमी पडणं, अतिश्रम, जागरण यांनी थोडं वर जातं. औषध लागत नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं, की उपास धरायचा तर उठता-बसता धरा, किंवा राजगिरा, वरई, शेंगदाणे, बटाटा असं दर चार तासांनी पोटात जाऊ द्या. नवीन औषध सुरू होताना डॉक्टरांना गिल्बर्टची कल्पना द्या. मात्र डायरेक्ट बिलिरुबिन किंवा एसजीपीटी वाढलं, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा हिमोग्लोबिन उतरलं, तर ते गिल्बर्टच्या खात्यात टाकायचं नाही, कारण वेगळं शोधायचं.

आता बाळ. पूर्ण दिवसांचं, २.९ किलो, आई आणि बाळ दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह. नवजात बाळात तेच विकर अजून कच्चं असतं आणि मोडणाऱ्या तांबड्या पेशी जास्त, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळेपणा येतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत वर जातो आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरतो. वडिलांकडून गिल्बर्टच्या जनुकाची एक प्रत बाळाला आली असणार, पण एका प्रतीने सहसा काही दिसत नाही. या बाळात खरी अडचण दुधाची होती. वजन २.६४ किलोवर आलं होतं, म्हणजे नऊ टक्के घट, आणि तिसऱ्या दिवशी लंगोट दोनदाच ओलं झालं होतं. दूध कमी गेलं की शी कमी होते, आणि आतड्यातलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं.

आज्जींचा आग्रह कोवळ्या उन्हाचा आणि साखरपाण्याचा. "आज्जी, बाळाचा रंग बघून आकडा कळत नाही," मी म्हटलं, "आणि खिडकीतल्या उन्हाचं माप कोण धरणार?" साखरपाण्याने पोट भरतं, बाळ दूध ओढत नाही आणि शी आणखी अडते. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा अंगावर पाजणं हा खरा उपाय. तोंडात नीट धरलंय की नाही हे परिचारिकेने शेजारी बसून पाहिलं.

फोटोथेरपी, म्हणजे बाळाला निळ्या लाइटखाली ठेवणं, कधी करायची हे दिवसांवर नाही, बाळाच्या वयाच्या तासांवर ठरतं. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी अनेक तक्त्यांत ही रेषा २४ तासांना साधारण १२, ४८ तासांना १५, ७२ तासांना १८ आणि ९६ तासांनंतर २० च्या आसपास असते. बाळ आधी जन्मलेलं असेल, रक्तगट जुळत नसेल, तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी-६-पीडी या विकराची कमतरता किंवा जंतुसंसर्ग असेल तर ती खाली येते. म्हणून 'शेजारच्या बाळाला १५ ला लाइट लावला, आमच्याला का नाही?' याचं उत्तर दोघांचे तास आणि आठवडे विचारल्याशिवाय देता येत नाही. या बाळाचं ५८ व्या तासाला १४.८ होतं, रेषेच्या जरा खाली. ७८ व्या तासाला १८.७, रेषेच्या किंचित वर. लाइट लागला.

निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतो, मग ते शी-लघवीवाटे जातं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, पाजायला बाहेर काढायचं. शी पातळ, हिरवट होते, ते चालतं. सव्वीस तासांनी आकडा १३.६ झाला, लाइट बंद. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत १४.३. बंद केल्यावर एवढं वर येणं अपेक्षितच असतं. पाजायला बाहेर काढलेलं बाळ त्या दिवशी बापानेच आईच्या कुशीत दिलं. त्याआधी ते बाळाला शिवतही नव्हते.

घरी जाताना दोघांना चार गोष्टी लिहून दिल्या. पहिल्या २४ तासांत दिसलेला पिवळेपणा कधीच नेहमीचा नसतो, पुढच्या बाळंतपणातही लक्षात ठेवा. तळहात-तळपाय पिवळे झाले तर त्याच दिवशी रक्त तपासा. बाळ पेंगतंय, ओढत नाही, किंचाळून रडतंय किंवा पाठ ताणून धरतंय, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि चौदा दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला तर डायरेक्ट बिलिरुबिन मुद्दाम मागून करून घ्या, लंगोटातली शी पांढरट आहे का ते उजेडात बघा. पांढरट शी आणि लंगोटावर डाग पाडणारी गडद लघवी म्हणजे पित्तनलिका बंद असू शकते, आणि त्याची शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत झाली तर यश येण्याची शक्यता जास्त.