बहिणीच्या नोटिशीला उत्तर लिहिताना

प्रिय वकीलसाहेब,

(सनद मिळून वर्षही झालं नाही, तरी तुला असं म्हणायला मला आवडतं.) आपल्या अशिलाच्या बहिणीने घरात निम्मा हिस्सा मागणारी नोटीस पाठवलीय, तिच्या उत्तराचा तुझा मसुदा काल रात्री वाचला. भाषा करकरीत आहे आणि अशील वाचून खूश होईल. तो होऊ नये म्हणूनच हे पत्र.

तुझ्या मसुद्याचा सारा भार एका वाक्यावर आहे: 'आपल्या अशील बाईंनी 2011 साली नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलेले असल्याने सदर घरात त्यांचा कोणताही हक्क, हिस्सा अगर हितसंबंध उरलेला नाही.' हे वाक्य आज खरं आहे, पण तू दिलेल्या कारणामुळे नाही. हे कसं, ते तारखा लावून बघ.

वडिलांनी 1984 साली प्लॉट घेतला आणि 1987 ला घर बांधलं. पैसा त्यांच्या पगाराचा, खरेदीखत त्यांच्या एकट्याच्या नावावर. 2009 ला ते मृत्युपत्र न करता गेले. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे आई, आपला अशील आणि त्याची ताई असे तीन वारस झाले आणि प्रत्येकाकडे एक तृतीयांश हिस्सा आला. 2011 ला ताईंनी आपला तृतीयांश आई आणि भाऊ या दोघांच्या लाभात सोडला, समसमान. म्हणजे आई अर्धी, भाऊ अर्धा. इथपर्यंत तुझं बरोबर.

पण 2019 ला आई गेली. आईचा अर्धा हिस्सा तिचा स्वतःचा, पूर्ण मालकीचा होता. तिच्या पश्चात तो मुलगा आणि मुलगी यांच्याकडे सारखाच गेला असता, म्हणजे ताईंना घराचा चौथा हिस्सा मिळाला असता. 2011 चं हक्कसोडपत्र त्याच्या आड येत नाही, कारण आई जिवंत असताना तिच्या मिळकतीत मुलीला हक्क नव्हता, होती ती फक्त पुढे मिळेल अशी आशा. आणि नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 6 सांगतं. ताईंच्या वकिलांनी नोटिशीत 'आईवडील दोघेही मयत असल्याने निम्मा हिस्सा' असं लिहिलंय ना, त्यातलं निम्मं चूक आहे, पण 'दोघेही मयत' हे शब्द त्यांनी उगाच घातलेले नाहीत.

घराच्या भांडणात मी आधी मृत्यूंची यादी करते. दर मृत्यूबरोबर वारसा नव्याने उघडतो आणि आधी झालेला दस्त नंतरच्या मृत्यूला पुरत नाही.

तुझी टाचणं वाचल्यावर मी अशिलाला फोन करून एवढंच विचारलं, 'आईनं काही करून ठेवलं होतं का?' तो म्हणाला, 'हो, 2016 ला बक्षीसपत्र केलंय माझ्या नावावर, पण त्याचा इथे काय संबंध?' त्याचाच तर संबंध आहे! ताईंचा वडिलांकडून आलेला हिस्सा हक्कसोडपत्राने गेला आणि आईचा हिस्सा तिच्या हयातीतच बक्षीसपत्राने मुलाकडे आला, त्यामुळे 2019 ला आईच्या मागे या घरात वाटण्यासारखं काही उरलंच नाही. आपला नकार या दोन पायांवर उभा आहे. दोन्ही दस्तांना उत्तरात वेगवेगळा परिच्छेद दे आणि प्रत्येकाची तारीख, दुय्यम निबंधक कार्यालय आणि दस्त क्रमांक लिही. बक्षीसपत्र नोंदणीकृत आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत आणि आई जिवंत असतानाच मुलाने ते स्वीकारलं, हे तिन्ही शब्दांत यायला हवं, कारण यातलं एक नसेल तर बक्षीस टिकत नाही.

बक्षीसपत्र नसतं तर? तर मी तुला 'कोणताही हक्क नाही' असं लिहूच दिलं नसतं. निम्म्याला नकार देऊन चौथ्या हिश्श्याबद्दल अशिलाशी दार लावून बोलले असते. धादांत खोटा नकार लिहून पाठवला की तो पुढे दाव्यात आपल्याच कैफियतीच्या गळ्यात पडतो.

आता एका शब्दाबद्दल. तुझ्या दुसऱ्याच ओळीत 'सदर वडिलोपार्जित घर' आहे. अशील तसं म्हणतो, आपण सगळेच घरात तसं म्हणतो: वडिलांनी उपार्जित केलेलं ते वडिलोपार्जित. पण कोर्टात हा शब्द एकत्र कुटुंबाच्या, पिढ्यांनी चालत आलेल्या मिळकतीसाठी वाचला जातो. तशा मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच हिस्सेदार, म्हणजे सहदायाद ठरते, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली विनीता शर्मा प्रकरणात सांगितलंय. समोरचे वकील नेमकं तेच म्हणत आहेत आणि तू त्यांना तो शब्द आयता दिलास. 'वडिलांचे स्वकष्टार्जित घर' असं लिही आणि लगेच खरेदीखताचा आधार दे. मिळकत पत्रिकेवर विसंबून राहू नकोस. तिच्यावरच्या नोंदीने मालकी ठरत नाही, ती फार तर साथ देते.

नोटिशीचा सातवा परिच्छेद तू एका ओळीत 'सपशेल नाकबूल' करून उडवलास. तो सगळ्यात धोक्याचा आहे. ताईंचं म्हणणं असं की 'वारस नोंदीसाठी सही लागते' असं सांगून हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि खरा प्रकार आत्ता कळला. हे 'आत्ता कळलं' फार विचार करून लिहिलेलं आहे. फसवणुकीने झालेला दस्त रद्द करून घ्यायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 59 प्रमाणे तीन वर्षं मिळतात आणि ती फसवणूक कळल्यापासून मोजतात. म्हणून आपल्याला दाखवायचंय की त्यांना तेव्हाच माहीत होतं.

हक्कसोडपत्राच्या नोंदणीच्या पानावर ताईंचा फोटो आणि अंगठा आहे, शेजारी आईचा. ताई पदवीधर आहेत आणि दस्त मराठीत आहे. हे चांगलं आहे, पण पुरेसं नाही. खरा कागद अशिलाच्या बँकेच्या फाईलमध्ये सापडला. 2012 साली वरचा मजला चढवायला त्याने कर्ज काढलं, तेव्हा बँकेने ताईंचं संमतीपत्र मागितलं होतं. त्यात ताईंच्या अक्षरात लिहिलंय: 'मी 2011 च्या दस्ताने माझा हिस्सा सोडलेला आहे, कर्जास माझी हरकत नाही.' खाली सही आणि तारीख. फसवणूक झाली असं घटकाभर धरलं तरी त्या तारखेपासून तीन वर्षं 2015 ला संपली. या पत्राचा मजकूर उत्तरात जसाच्या तसा उद्धृत कर, स्वतःच्या शब्दांत सांगू नकोस. आणि आजच बँकेला लेखी अर्ज देऊन मूळ पत्र जपून ठेवायला सांग. कर्ज फिटलेली जुनी फाईल कुठल्या गोदामात जाते, ते बँकेलाही सांगता येत नाही.

अशिलाने जे जे सांगितलं ते सगळं तू लिहून काढलंस. टिपून घेताना तसंच करायचं, पण उत्तरात नाही. तीन ओळी मी लाल शाईने खोडल्या आहेत.

पहिली: 'लग्नात तीन लाख रुपये हुंडा देऊन त्यांचा वाटा भागवलेला आहे.' लग्नातल्या खर्चाने मुलीचा वारसा संपत नाही, तेव्हा बचाव म्हणून ही ओळ कुचकामी. आणि हुंडा घेण्याइतकाच देणं हाही 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. वकिलाच्या लेटरहेडवर, अशिलाच्या सांगण्यावरून, त्याच्या घरच्यांच्या गुन्ह्याची कबुली तू टपालात टाकायला निघाला होतास. मी चहा बाजूला ठेवून ती ओळ दोनदा वाचली.

दुसरी: 'बारा वर्षे त्या घराकडे फिरकल्या नाहीत, सबब हक्क नष्ट झाला.' सहमालकांपैकी एकाचा ताबा हा सगळ्यांचा ताबा धरला जातो, नुसतं न फिरकल्याने काही जात नाही. शिवाय विरुद्ध ताब्याची भाषा केली की समोरचा मालक होता हे आपणच कबूल करतो, मग हक्कसोडपत्राचं काय?

तिसरी: 'तरीही माणुसकी म्हणून पाच लाख देण्यास तयार आहोत.' अशिलाला खरंच द्यायचे असतील तर मला आनंदच आहे, कारण सख्ख्या भावंडांचा दावा पंधरा वर्षं चालताना मी पाहिलाय. पण ते याच पत्रात लिहिलं तर 'हक्क नव्हता तर पैसे कशाचे?' हा प्रश्न उलटतपासात येणारच. तडजोडीचं पत्र स्वतंत्र पाठवायचं, आणि हा प्रस्ताव हक्कांना बाध न येता व पुराव्यात न वापरण्याच्या अटीवर आहे, असं त्यात स्पष्ट लिहायचं.

'आमचे कुटुंबीय नाकारतात' असंही तू दोनदा लिहिलंयस. कुटुंब तुझं अशील नाही. वकालत एकट्या धाकट्या भावाने दिली आहे आणि मालकही तोच आहे. त्याची बायको, मुलं आणि सगळं ठाऊक असलेले काका हे साक्षीदार होऊ शकतात, उत्तर देणारे नाहीत. काकांचं म्हणणं आत्ताच उघड करू नकोस.

सूर थंड ठेव. 'लोभी', 'नवऱ्याच्या चिथावणीवरून' हे शब्द काढले. हे पत्र पुढे न्यायाधीश वाचतील, आणि त्याआधी ताई वाचतील.

नोटिशीत पंधरा दिवस दिलेत. खासगी व्यक्तींमधल्या वाटपाच्या दाव्याआधी नोटीस देणंच कायद्याने सक्तीचं नाही, तेव्हा सोळाव्या दिवशी आभाळ कोसळत नाही. तरी मुदतीत पाठव, नाहीतर 'नोटिशीला उत्तरही दिले नाही' हे वाक्य दाव्याच्या अर्जात येतं. उत्तर त्यांच्या वकिलांच्या नावे जाईल, ताईंना परस्पर नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, म्हणून स्पीड पोस्टाने पाठव आणि पोच मागून घे.

दस्तांच्या प्रती जोडू नकोस. क्रमांक दे आणि 'पूर्वसूचना देऊन आमच्या कार्यालयात मूळ दस्त पाहता येतील' असं लिही. क्रमांक मिळाले की कुठलाही शहाणा वकील आधी निबंधक कार्यालयातून दस्ताचा गोषवारा, म्हणजे सूची क्रमांक 2 काढून बघतो, आणि 2016 चं बक्षीसपत्र त्यांना अजून ठाऊक नसावं असं नोटिशीवरून दिसतं.

नवा मसुदा झाला की अशिलाला मोठ्याने वाचून दाखव, आणि पाठवण्याआधी कार्यालयीन प्रतीच्या प्रत्येक पानावर त्याची सही घे. सोमवारी येताना त्याला बक्षीसपत्राची मूळ प्रत घेऊन यायला सांग. चतुःसीमा मला खरेदीखताशी स्वतः ताडून बघायच्या आहेत.

तुझी,
मॅडम