मुलाखतीनंतरच्या आभाराच्या मेलमध्ये काय लिहायचं

शिक्षण, टक्के, अनुभव यातलं काहीच पुन्हा लिहू नकोस. ते त्यांच्या टेबलावर आहेच. मुलाखतीत त्यांनी स्वतःहून सांगितलेली एक अडचण धर आणि मेल तिच्याभोवतीच बांध.

समज, कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत क्वालिटीच्या जागेसाठी मुलाखत झाली. तिथे एका वेळी वितळवलेल्या धातूच्या खेपेला हीट म्हणतात. साहेब बोलता बोलता म्हणाले, ब्लोहोल, म्हणजे ओतीव भागात अडकलेल्या वायूच्या पोकळ्या, मशिनिंगनंतरच दिसतात. मग एवढंच लिही: "सर, आज वेळ दिल्याबद्दल आभार. ब्लोहोलचा मुद्दा डोक्यात राहिला. रिजेक्ट झालेले पीस हीट नंबरनुसार वेगळे मांडले, तर दोष ठरावीक हीटमध्येच येतो का ते कळेल. आपल्याकडे तशी नोंद होते का? या कामात सुरुवातीपासून हात घालायला आवडेल."

मेलमध्ये प्रश्न मुद्दाम ठेवलाय. त्यांचा प्लांट तू नीट पाहिलेला नाहीस. ठाम उपाय सुचवलास तर आगाऊपणा वाटतो. मुलाखतीत एखादं उत्तर अर्धवट राहिलं असेल, तर ते एका वाक्यात पूर्ण कर, सारवासारव नको.

मेल त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जाऊ दे. दोघांनी मुलाखत घेतली असेल तर दोन वेगळे मेल. तोच मजकूर दोघांना गेला की ते एकमेकांना दाखवतात. रेझ्युमे पुन्हा जोडू नकोस. पगाराचा विषय तर अजिबात नको.