टेस्टरच्या रेझ्युमेत काय लिहायचं

अरे, '३०० बग्स शोधले' ही ओळ आधी काढ, त्यात स्पेलिंगच्या चुका किती नि पैसे अडकवणारे किती हे कळतच नाही. त्यापेक्षा एकच नीट लिही: 'पेमेंट टाइमआउटनंतर रिट्राय केलं की दोनदा पैसे कटत होते, रिलीजआधी पकडलं.' कव्हरेज ९० टक्के लिहिलंस तर कशाचं ते पण सांग, कारण ५० पैकी ४५ रिक्वायरमेंटना टेस्ट केस आहेत म्हणजे ९० टक्के कोड तपासला असं होत नाही, इंटरव्ह्यूत मी हेच पहिलं विचारतो. सेलेनियमच्या स्क्रिप्ट्स स्वतः लिहिल्यास की नुसत्या चालवल्यास तेही टाक. आणि रिलीजचा साइन-ऑफ लीडने दिला असेल तर तू प्रोडक्शनवर स्मोक टेस्ट केलीस एवढंच लिही.