एकूण ७९ टक्के, तरी गणितात अडचण: किती तास बुडवता येतील?

"पोर्टलवर माझी एकूण हजेरी ७९ टक्के दिसते, कॉलेजला ७५ लागते. ऑक्टोबरमध्ये ताईचं साक्षगंध आहे, म्हणून आठवडाभर भंडाऱ्याला घरी राहायचंय. डेटा स्ट्रक्चर्सला ४० पैकी ३२ तास हजर आहे. मोबाइलमधलं अ‍ॅप म्हणतं अजून २ तासच बुडवता येतील, रूममेट म्हणते बिनधास्त ७ बुडव. डिटेन व्हायची भीती वाटते. नक्की किती सुट्ट्या घेऊ शकते?"

प्रश्न विचारणारी मुलगी नागपुरात होस्टेलवर राहून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. सप्टेंबरचा शेवट होता, सत्राचे दहा आठवडे झाले होते आणि वेळापत्रकाप्रमाणे पाच उरले होते.

अ‍ॅपचं उत्तर आणि रूममेटचं उत्तर, दोन्हींचं गणित बरोबर आहे. फरक पडतो तो दोघांनी गृहीत धरलेल्या गोष्टीत. अ‍ॅपला सत्र कधी संपणार हे माहीतच नसतं. ते एवढंच पाहतं की आजपासून सलग दांड्या मारल्या तर टक्केवारी ७५ च्या खाली कधी जाईल. ४२ पैकी ३२ म्हणजे ७६.२ टक्के, ४३ पैकी ३२ म्हणजे ७४.४. म्हणून ते २ वर थांबतं. पुढे ती रोज हजर राहिली तर टक्केवारी पुन्हा चढेल, याचा हिशोब त्यात नाही. रूममेटने उलट बाजूने मोजलं. आठवड्याला चार तास, पंधरा आठवडे, एकूण ६०. त्यातले पाव म्हणजे १५ तास बुडवायची मुभा, ८ आधीच बुडाले, उरले ७. हे बरोबर ठरायला दोन गोष्टी घडाव्या लागतात: उरलेले सगळे २० तास खरोखर व्हायला हवेत आणि त्यातल्या १३ ला हिने हजर राहायला हवं.

दुसरी गोष्ट तिच्या हातात आहे, पहिली नाही. आणि सगळा घोळ या पहिल्या गोष्टीतच होतो. मुलं स्वतःच्या दांड्या नीट मोजतात, पण एकूण तास किती होणार हे आठवडे गुणिले चार करून मोकळी होतात. त्याऐवजी आम्ही तिला कॉलेजचं शैक्षणिक कॅलेंडर आणि तिचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून एकेक तारीख मोजायला लावली. डेटा स्ट्रक्चर्स सोमवार, मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी असतं. २ ऑक्टोबरची सुट्टी शुक्रवारी, दसरा मंगळवारी, म्हणजे दोन तास गेले. मध्ये सेशनलचा एक आठवडा, त्यात लेक्चर नाहीत, चार तास गेले. २० चे राहिले १४. एकूण तास ६० नव्हे, ५४.

५४ चा पाव भाग १३.५ होतो. इथे कायम खालचा आकडा धरायचा, १३. कारण १४ तास बुडाले तर ५४ पैकी ४० उरतात आणि ते ७४.०७ टक्के होतात. आपण ७४ चे ७५ धरून चालतो, कॉलेज तसं धरेलच असं नाही. म्हणून १३ मधून बुडालेले ८ वजा केले की उरतात ५. अ‍ॅपचे २ ही नाहीत आणि रूममेटचे ७ ही नाहीत.

रीत एवढीच आहे, आणि ती शीटमध्ये एका ओळीत मावते. B मध्ये आजवर झालेले तास, C मध्ये हजेरी, D मध्ये सत्राअखेर अपेक्षित एकूण तास:

```
=INT(D2*(100-75)/100)-(B2-C2)
```

एखाद्या कॉलेजची अट ८० टक्के असेल तर ७५ च्या जागी ८० लिहायचं. उत्तर उणे आलं तर पुढचे सगळे तास बसूनही ७५ गाठता येणार नाहीत, असा त्याचा अर्थ. तसं दिसलं की परीक्षेचे फॉर्म निघेपर्यंत थांबू नये. त्याच आठवड्यात क्लास टीचरना भेटून सवलतीची काही तरतूद आहे का आणि तिला कोणती कागदपत्रं लागतात, ते विचारावं.

आता ७९ टक्क्यांकडे येऊ. मुलांना सर्वांत जास्त फसवतो तो हाच आकडा. तो सगळ्या विषयांची बेरीज असतो, आणि तिच्या कॉलेजात हजेरी प्रत्येक विषयाची वेगळी आणि प्रॅक्टिकलची वेगळी बघतात. तिला विषयवार पान उघडायला सांगितलं तेव्हा गणितात ३८ पैकी २७ दिसले. ७१ टक्के! तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी आधीच गेले ना?" असं तिने विचारलं.

नाही. आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण खाली गेलेला आकडा पाहून कित्येक मुलं त्या विषयाचा नादच सोडतात. गणित सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवारी असतं. त्याच दोन सुट्ट्या आणि तोच सेशनलचा आठवडा वजा केला की इथेही १४ तास उरतात, एकूण ५२ होतात. ५२ चा पाव भाग बरोबर १३. बुडाले ११. म्हणजे आज ७५ च्या खाली असूनही तिच्याकडे २ तास शिल्लक आहेत. सत्र आजच संपणार नसल्यामुळे हे शक्य आहे. टक्केवारी आजच ७५ वर आणायची असती तर तिला सलग ६ तास बसावं लागलं असतं: ४४ पैकी ३३ म्हणजे नेमके ७५. आणि बसायला तास तर १४ आहेत.

प्रॅक्टिकल दर बुधवारी, आठवड्यातून एकदाच. आतापर्यंत ९ झाले, ७ केले, पुढे ४ उरले. एकूण १३ चा पाव ३.२५, म्हणजे ३. बुडाले २, शिल्लक १. प्रॅक्टिकलकडे मुलांचं दुर्लक्ष होतं, कारण टक्केवारी बरी दिसते. पण एकूण आकडाच लहान असल्यामुळे एक बुधवार चुकला तरी फार मोठा फरक पडतो. दोन बुधवार चुकले तर १३ पैकी ९, म्हणजे ६९ टक्के. काही ठिकाणी दोन तासांचं प्रॅक्टिकल दोन हजेऱ्या म्हणून लावतात, तेव्हा पोर्टलवर कसं मोजलंय ते पाहून मगच आकडे भरावेत.

आता तिची आठवडाभराची सुट्टी या हिशोबात बसवून पाहिली. सोमवार ते शनिवार घरी राहिली तर डेटा स्ट्रक्चर्सचे ४ तास जातात, शिल्लक ५ आहेत, चालेल. प्रॅक्टिकल १ जातं, शिल्लक १, कसंबसं चालेल. गणिताचे ४ जातात आणि शिल्लक २ च आहेत. नाही चालणार. ५२ पैकी ३७ म्हणजे ७१ टक्क्यांवर गणित अडकेल. किती दिवस सुट्टी घेता येईल हे सगळ्यांत तंगीतला विषय ठरवतो, सरासरी नाही.

साक्षगंध रविवारी होतं. मग गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार अशी तीन दिवसांची रजा पाहिली. गणिताचे २ जातात, शिल्लक ०. प्रॅक्टिकलला धक्का नाही. डेटा स्ट्रक्चर्सचे २ जातात. कागदावर हे बसतं आणि तीही खूश झाली होती. पण ५२ हा चारने पूर्ण भाग जाणारा आकडा आहे, आणि धोका नेमका तिथेच आहे. सर विद्यापीठाच्या पेपर तपासणीला गेले किंवा विभागाचा कार्यक्रम निघाला आणि गणिताचा एक तास जरी रद्द झाला, तरी एकूण ५१ होतात, पाव भाग १२.७५, म्हणजे मुभा १२ ची. हिच्या गैरहजेऱ्या मात्र १३. ५१ पैकी ३८ म्हणजे ७४.५ टक्के. म्हणजे एकही नवी दांडी न मारता ती खाली जाते. मुलांना तास रद्द झाला की आनंद होतो, पण काठावर असलेल्याच्या हातातली बसायची एक संधी त्यात जाते. साधारण चार तास रद्द झाले की एक दांडी कमी होते. पहिल्या तासालाच फटका बसेल की चौथ्याला, हे एकूण आकडा चारच्या पाढ्यात कुठे आहे त्यावर ठरतं. डेटा स्ट्रक्चर्सच्या ५४ मध्ये दोन तास रद्द झाले तरी मुभा १३ च राहते.

म्हणून शिल्लक शून्यावर आणायची नाही, प्रत्येक विषयात निदान एक तास हातात ठेवायचा. तिचं गुरुवारी गणिताचं लेक्चर सकाळी पहिलंच होतं. ते करून दुपारी गणेशपेठेतून भंडाऱ्याची बस धरायची, शुक्रवार-शनिवार घरी राहायचं, रविवारी साक्षगंध आटोपून रात्रीपर्यंत परत यायचं आणि सोमवारी वर्गात बसायचं. असं केलं तर गणिताचा एकच तास जातो आणि गैरहजेरी १२ होते. १२ ला ४८ तास पुरतात, म्हणजे ५२ पैकी चार तास रद्द झाले तरी ती ७५ वर राहते. आठवडाभर घरी राहण्याची इच्छा होती ती मोडली, हे खरं. ते तिच्या आईलाही फोनवर नीट सांगावं लागलं, कारण "दोन दिवसांसाठी कॉलेज काय पळून चाललं" हे घरचं म्हणणं चुकीचं नसलं तरी गणितातल्या त्या एका तासाला लागू पडत नव्हतं.

एक गोष्ट रजेआधीच करायची होती. तिच्या कॉलेजात महिन्याच्या शेवटी कमी हजेरीची यादी लागते आणि ती त्या दिवसाच्या टक्केवारीवर काढतात. सत्राअखेर गणित ७७ च्या आसपास जाणार असलं तरी आजचे ७१ यादीत येणारच आणि घरी फोन जाणार. म्हणून उरलेल्या तारखांचा कागद घेऊन तिने क्लास टीचरना आधीच भेटावं, असं ठरलं. रजेचा अर्ज दिला म्हणजे हजेरी लागते, असा तिचा समज होता. अर्जाने गैरहजेरीचं कारण नोंदवलं जातं, आकडा हलत नाही.

त्याच भेटीत पोर्टलचा आकडा सरांच्या रजिस्टरशी ताडून घ्यायलाही तिला सांगितलं. पोर्टलवर नोंदी बरेचदा उशिरा चढतात. गणिताचे दोन जादा तास शनिवारी झाले होते, ते ३८ मध्ये धरलेत की नाही हे तिला माहीत नव्हतं. त्या दोन्ही तासांना ती बसली होती. ते धरायचे राहिले असतील तर ४० पैकी २९ झाले, पुढचे १४ धरून एकूण ५४. मुभा तरीही १३ ची आणि गैरहजेरी ११ ची, म्हणजे शिल्लक २ च. फक्त आता एकूण ५४ असल्यामुळे दोन तास रद्द झाले तरी ती शिल्लक टिकते. एनएसएसच्या शिबिरात ऑगस्टमध्ये गेलेला एक दिवस मात्र गैरहजर लागला होता. त्याचं पत्र कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून आणून दिलं की तिच्या कॉलेजात तो हजर धरतात. त्या दिवशी गणिताचा एक तास होता. तेवढ्याने गैरहजेरी ११ ची १० होते.